टच प्रोब काही महिने वापरल्यानंतर: ऑटो लेव्हलिंग दर वेळी वेगळे का येत होते

उद्यमनगरातील आमच्या छोट्या कामशाळेत फाउंड्रीसाठी लागणारे लहान पॅटर्न छापण्याकरिता घेतलेल्या, डाव्या बाजूला एकच झेड स्क्रू असलेल्या थ्रीडी प्रिंटरवर मी छपाईच्या बेडला टेकून त्याची उंची मोजणारा टच प्रोब बसवला. लेव्हलिंग पूर्ण होई, पण पहिला थर उजवीकडे कधी बेडवर खरवडला जाई, तर कधी चिकटतच नसे.

अशा वेळी बहुतेक जण आधी झेड ऑफसेट, म्हणजे प्रोब आणि नोझल यांच्या उंचीतला फरक, बदलत बसतात. ऑफसेट चुकला असेल, तर थर सगळीकडे सारखाच जाड किंवा पातळ दिसतो. एकच बाजू आणि तीही दर वेळी वेगळी बिघडत असेल, तर संशय मोजणीवर घ्यावा. मोजणी तपासणारी `M48` ही कमांड मूळ फर्मवेअरमध्ये बंद ठेवलेली होती, म्हणून ती चालू केलेले मार्लिन फर्मवेअर फ्लॅश करावे लागले. त्याआधी झाकण उघडून बोर्डावरचा क्रमांक वाचावा, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या प्रिंटरांत बोर्ड वेगळे असतात. आमचा बोर्ड मागच्याच नावाची `.bin` फाइल दुसऱ्यांदा घेत नाही. नाव बदलले की घेतो. फ्लॅशनंतर जुनी मूल्ये मेमरीत राहून घोळ घालतात, त्यामुळे आधी `M502` व मग `M500` द्यावे आणि ऑफसेट नव्याने ठरवावा.

मग बेड 60 अंशांवर काही वेळ स्थिरावू देऊन ही चाचणी घेतली:

```
G28
M48 P10 X110 Y110
M48 P10 X180 Y110
```

मध्यभागी प्रमाण विचलन 0.004 मिमी आले, उजवीकडे मात्र 0.031. पहिला थर 0.2 मिमीचा असल्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसणारच. प्रोब तोच असताना जागा बदलताच आकडा बिघडतो, याचा अर्थ दोष प्रोबमध्ये नसून आडव्या गॅन्ट्रीच्या उजव्या टोकात आहे. तिथली चाके ढिली होती. झेड वर-खाली होताना ते टोक मागे राही आणि दर वेळी वेगळ्या उंचीवर थांबे. बोटाने फिरवल्यास चाक थोडा विरोध करून फिरेल इतपत एक्सेंट्रिक नट आवळल्यावर तेथील आकडा 0.006 वर आला. फार आवळल्यास गॅन्ट्री अडकते आणि पुन्हा तोच त्रास सुरू होतो.

एवढे करूनही एक दोष उरला, तो स्लायसरमधला. `G28` दिल्यावर मार्लिन साधारणतः मेशची, म्हणजे प्रोबने मोजलेल्या बेडच्या उंचसखलपणाच्या नकाशाची, दुरुस्ती बंद करते, त्यामुळे जतन केलेला मेश असूनही वापरला जात नव्हता. आरंभीच्या कोडमध्ये `G28` नंतर `M420 S1` घातल्यावर छपाई सुरू असताना झेडचा स्क्रू सूक्ष्म हलताना दिसू लागला. मेश लागू झाल्याची हीच खूण.

प्रोब ठेवण्यासारखा आहे, असे माझे मत आहे. फक्त एबीएससाठी बेड 100 अंशांवर नेला की 60 अंशांवरचा मेश वापरू नये, कारण तापल्यावर बेडचा आकार बदलतो. बायलिनियर पद्धतीत एकच मेश जतन होत असल्याने आम्ही प्लास्टिक बदलले की बेड मोजणारी `G29` पुन्हा घेतो.