मल्चिंग पेपरच्या पाइपातलं वजन

फेब्रुवारीत वीस गुंठ्यांत ढोबळी मिरची लावायची ठरवली. पाच फुटांवर गादीवाफे, म्हणजे त्यांवर अंथरायला मल्चिंगच्या प्लास्टिक कागदाचे चारशे मीटरचे साडेतीन रोल लागणार, चार घेतले. मार्केट यार्डाकडच्या एका दुकानात भाव विचारला तर रोलमागे तीनशे रुपयांनी स्वस्त. तीस मायक्रॉन, चार फुटी, चंदेरी-काळा, यूव्हीवाला. मी जाडीची शंका काढली तर दुकानदारच म्हणाला, "दादा, वजन करून घ्या की! काटा समोर हाय." तेरा किलो दोनशे ग्रॅम भरलं. हिशेबात बसत होतं, आणि खेळ नेमका तिथंच होता.

हिशेब असा. १.२ मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब म्हणजे ४८० चौरस मीटर. तीस मायक्रॉनच्या चांगल्या कागदाचं वजन चौरस मीटरला साधारण २८ ग्रॅम, म्हणजे रोलचं सव्वातेरा-साडेतेरा किलो. पण ते नुसत्या कागदाचं. आमच्या रोलच्या आतला पुठ्ठ्याचा पाइप जाडजूड होता. कागद अंथरून झाल्यावर तो मोकळा मोजला तर एक किलो आठशे ग्रॅम! राहिला अकरा किलो चारशे, म्हणजे फार तर पंचवीस मायक्रॉन.

तेवढ्यावर भागलं नाही. ओळखीच्या एका ठिबकवाल्यानं सांगितलं म्हणून उरलेल्या कागदाचा बोटभर तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला. पाण्याखाली चोळून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढले, तर तुकडा थेट तळाला गेला. चांगला प्लास्टिक कागद पाण्यापेक्षा हलका असतो, तो तरंगतो. बुडाला म्हणजे त्यात चुन्याच्या दगडाची भुकटी, व्यापारी ज्याला फिलर म्हणतात ती, भरपूर घातलेली. भुकटी स्वस्त आणि जड, त्यामुळे पातळ कागदही काट्यावर जाड वाटतो. भुकटी धरून हिशेब केला तर आमचा कागद चोवीस मायक्रॉनच्याही खाली गेला. अर्थात तुकडा तरंगला म्हणून माल शुद्धच, असं नाही. थोडी भुकटी असेल तर तो तरंगतोच. तेव्हा तुकडा हळूहळू ताणून बघायचा. चांगला कागद आधी लांबतो, मग फाटतो. आमचा सरळ चिरत गेला.

एप्रिलच्या उन्हात वाफ्याच्या माथ्यावर कागद कडक झाला, बोट लावलं की तुकडे पडायचे. दुकानदार म्हणाला, "तुम्ही गंधकाची फवारणी केली असणार, त्यानं यूव्ही जातो." हे साफ खोटं नाही. गंधकाच्या औषधांनी यूव्हीपासून वाचवणारं रसायन खरंच कमजोर होतं. पण गंधक आम्ही एकदाही मारलं नव्हतं. शिवाय मातीत दाबलेली कड उकरून पाहिली तर ती नव्यासारखी मऊ. म्हणजे कागद मातीनं नाही, उन्हानं मेला. लव्हाळ्याची तक्रार मात्र मी केली नाही, कारण लव्हाळा चांगल्या कागदालाही भोकं पाडतो.

यूव्ही आहे का नाही, हे दुकानात डोळ्यांनी कळत नाही. तिथं लेखी हमी आणि कंपनीचं नाव छापलेला रोल एवढाच आधार. आमच्याकडं काय होतं? 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी. पक्कं बिल मागितलं तेव्हा "जीएसटी लागंल" म्हणून टाळलं होतं. स्वस्तातल्या तीनशे रुपयांचं गणित तेव्हा उलगडलं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण नुसत्या चिठ्ठीवर कुठल्या मालाचं आणि कुणाविरुद्ध भांडणार?

शेडनेट आणि ताडपत्री घेताना हीच नजर ठेवा. शेडनेटचे पन्नास-पंच्याहत्तर टक्के म्हणजे सावली; ती दोरा किती टिकेल हे सांगत नाही, म्हणून चौरस मीटरला किती ग्रॅम आणि यूव्हीची हमी किती वर्षांची, हे वेगळं विचारा. ताडपत्रीवर छापलेलं माप पुष्कळदा कापडाचं असतं. कडा दुमडून शिवल्यावर ती लहान भरते. दुकानातच उलगडून टेप लावा आणि वजनाला त्या क्षेत्रफळानं भागा. ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे मानक आहे, तो शिक्का शोधा.

पुढच्या हंगामात दुसऱ्या दुकानांत मी एकच गोष्ट मागितली: बिलावर मायक्रॉन, रुंदी, लांबी आणि पाइपाशिवायचं वजन लिहून द्या. एकानं "असं कुणी लिहीत नाही" म्हणून हात झटकले. दुसऱ्यानं गोडाऊनमधून मोकळा पाइप आणून काट्यावर ठेवला, सातशे ग्रॅम भरला, आणि मग बिल फाडलं. भाव दोनशेनं जास्त लागला. घरी पाच मीटर कागद कापून किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकला, तर १६५ ग्रॅम. तीस मायक्रॉनला एवढंच यायला हवं. पहिल्या दुकानाचा तेवढाच तुकडा १४२ भरला होता, तोही भुकटीसकट.