आरंभमूल्य की अंतिममूल्य: कोणावर किती भरवसा?

`F(s)` हे `f(t)` चं लाप्लास रूपांतर असेल, तर आरंभमूल्य आणि अंतिममूल्य या दोन्ही प्रमेयांत `sF(s)` चीच सीमा काढायची असते. `s→∞` घेतलं की `f(0+)` मिळतं आणि `s→0` घेतलं की `f(∞)`. फरक विश्वासाचा आहे.

`F(s) = 5/(s(s-2))` घ्या. गुणून उरतं `5/(s-2)`. `s→∞` केल्यावर 0 येतं, आणि ते बरोबर आहे. `s→0` केल्यावर -2.5 येतं. उत्तर दिसायला अगदी सभ्य! पण व्यस्त रूपांतर केलं तर `f(t) = 2.5(e^(2t) - 1)`, म्हणजे फलन अनंताकडे सुटलेलं. ते कधी ऋणसुद्धा होत नाही.

गणित चुकलेलं नाही, अट मोडली आहे. `sF(s)` चे सगळे ध्रुव, म्हणजे त्याच्या छेदाची मुळं, डाव्या अर्धप्रतलात हवेत; इथे एक `s=2` वर आहे. `1/(s²+1)` मध्ये ते `±j` वर, काल्पनिक अक्षावरच बसतात. प्रमेय 0 सांगतं, प्रत्यक्षात `sin t` डोलतच राहतो. म्हणून सीमा घेण्याआधी छेदाची मुळं बघायची.

आरंभमूल्याला ध्रुवांची फिकीर नसते. फक्त अंशाची घात छेदापेक्षा कमी हवी. `(s+3)/(s+1)` मध्ये ती समान आहे, म्हणून सीमा अनंत येते. भागाकार करून `1 + 2/(s+1)` लिहा: 1 हा `t=0` चा आवेग, तो बाजूला ठेवला की `f(0+) = 2`.