जेलला चांदी की कुमासी?

कोल्हापूरच्या एका संशोधक मुलीनं विचारलं, उसाच्या पानातल्या प्रथिनाचा फिकट बँड ओळख पटवायला मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवायचाय, जेल कशानं रंगवू, चांदीनं की कुमासी या निळ्या रंगानं?

संवेदनशीलतेत चांदी पुढं. ती साधारण १ नॅनोग्रॅम प्रथिनही दाखवते, कोलॉइडल कुमासी १० च्या आसपास. पण खरी अडचण स्थिरीकरणात, म्हणजे प्रथिन जेलमध्ये पक्कं बसवण्यात आहे. चांदीच्या जुन्या पद्धतींत ग्लुटाराल्डिहाइड असतं. ते प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लांना एकमेकांत जखडतं, मग प्रथिन कापणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला तिथं कापता येत नाही आणि पेप्टाइड, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीला लागणारे प्रथिनाचे तुकडे, जेलमध्येच अडकतात. कुमासीला मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड पुरतं, शिवाय रंग नंतर धुऊन निघतो.

तिला म्हटलं, नमुना दुप्पट भर आणि कुमासीच घे. नमुनाच तुटपुंजा असेल तर चांदी, पण ग्लुटाराल्डिहाइड वगळून, आणि कापलेला तुकडा फेरिसायनाइड-थायोसल्फेटनं धुऊन. नुसती शुद्धता तपासायची असेल तर नेहमीची चांदी चालेल.