बेरियम स्वॅलो फ्रेम-फ्रेमने वाचताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बेरियम स्वॅलोचा व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवत पाहायचा आणि मग रोझनबेक व सहकाऱ्यांच्या १९९६ मधल्या ८ गुणांच्या पेनिट्रेशन-ॲस्पिरेशन स्केलवर गुण द्यायचा, ही पद्धत मी काही महिने नियमित वापरतेय. स्पीच थेरपीच्या विद्यार्थ्यांना ती जरूर वापरा असंच सांगेन, फक्त गुण सगळ्यात शेवटी द्या.

एक उदाहरण बघू. पक्षाघातानंतरचा रुग्ण, ५ मिली पातळ बेरियम, बाजूने घेतलेलं चित्रण, सेकंदाला ३० फ्रेम. आधी खुणा पक्क्या करा: पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका, श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी स्वरतंतूंची पातळी. फ्रेम ४० वर घोटाचं टोक खालच्या जबड्याच्या कडेपाशी जिभेच्या मुळावरून खाली उतरतं. हायॉइड मात्र झपकन वर-पुढे जायला लागतं, म्हणजे गिळणं सुरू होतं, ते फ्रेम ८८ वर. मधल्या ४८ फ्रेम म्हणजे १.६ सेकंद. तेवढ्या वेळात बेरियम व्हॅलेक्युला ओलांडून पायरिफॉर्म सायनसमध्ये साठलं, फ्रेम ८१ वर स्वरयंत्राच्या तोंडाशी सांडलं आणि ८६ वर स्वरतंतूंच्या खाली दिसलं. खोकला नाही, बाहेर काढायचा प्रयत्नही नाही. म्हणून गुण ८.

नेहमीच्या वेगात हाच घोट पाहिला तर गिळणं आणि गळती एकदमच झाल्यासारखी वाटते. इथे ती गिळणं सुरू होण्याआधीच झाली आहे, हे फ्रेम मोजल्यावरच कळतं. नुसता ८ हा आकडा हे सांगत नाही. गिळून झाल्यावर उरलेलं बेरियम मागाहून आत गेलं आणि रुग्ण खोकलाच नाही, तरी गुण ८च येतो. कारण मात्र वेगळं असतं. या स्केलबद्दल माझी एकमेव तक्रार हीच.

उपायही याच वाचनावर ठरतो. हनुवटी छातीकडे झुकवणं सगळ्यांना सुचतं, पण बेरियम पायरिफॉर्ममधून सांडत असेल तर त्याचा फायदा होईलच असं नाही. तो स्क्रीनवर तपासूनच सांगा. याच रुग्णाला दाट घोट दिला, तेव्हा तो व्हॅलेक्युलातच थांबला आणि आत काही गेलं नाही.

गिळणं सुरू व्हायला उशीर झाला असं ठरवतानाही जरा दमानं घ्या. चावून खाताना घास व्हॅलेक्युलापर्यंत आधीच पोचणं निरोगी माणसातही दिसतं. वयस्कर माणसांत पातळ घोटही थोडा आधी उतरतो. तेवढ्यावरून उशीर लिहू नका. आणि चित्रण गिळल्या क्षणी बंद करू देऊ नका. उरलेलं बेरियम पुढच्या काही सेकंदांत आत घसरू शकतं, आणि नेमका तोच भाग रेकॉर्डिंगमध्ये नसतो.