केस प्रेझेंटेशन: उत्तर आधी की विचाराच्या पायऱ्या आधी?

प्लेसमेंटच्या केस राऊंडमध्ये मांडणीच्या दोन तऱ्हा दिसतात. काही उमेदवार पहिल्याच स्लाइडवर शिफारस ठेवतात आणि पुढच्या स्लाइड तिला आधार द्यायला वापरतात. काहीजण प्रश्नापासून सुरुवात करतात. काय तपासलं, काय निघालं, कुठला पर्याय का सोडला हे क्रमाने दाखवत ते उत्तरापाशी पोहोचतात. तयारीला बसण्याआधीच यातली एक तऱ्हा निवडावी लागते, कारण दोन्हींचं काम वेगळं आहे. रात्री अकरा वाजता तऱ्हा बदलायची म्हटली की स्लाइडचा क्रम बदलतो, विचार मात्र तिथेच राहतो.

फरक नीट कळावा म्हणून एकच केस दोन्ही तऱ्हांनी मांडून बघू. कुरिअर कंपनीची ही केस उदाहरणासाठी रचलेली आहे. कंपनीची तक्रार अशी: सहा महिन्यांत वेळेवर पोहोचणाऱ्या पार्सलांचं प्रमाण ९० टक्क्यांवरून ८६ वर आलं. व्यवस्थापनाला वाटतं की डिलिव्हरी करणारी मुलं ढिली पडली आहेत, तेव्हा नवी भरती करावी का? सोबत दिलेली आकडेवारी अशी:

| | सहा महिन्यांपूर्वीचा महिना | चालू महिना |
|---|---|---|
| जवळची पार्सलं | ८,००० | ७,२०० |
| त्यातली वेळेवर | ७,६०० (९५%) | ६,८४० (९५%) |
| लांबची पार्सलं | २,००० | ४,८०० |
| त्यातली वेळेवर | १,४०० (७०%) | ३,४८० (७२.५%) |
| एकूण वेळेवर | १०,००० पैकी ९,००० | १२,००० पैकी १०,३२० |

शिवाय दोन ओळींची माहिती आहे. लांबच्या पार्सलांची गाडी गोदामातून दिवसातून एकदाच, सकाळी ११ वाजता सुटते. चालू महिन्यात उशीर झालेल्या १,३२० लांबच्या पार्सलांपैकी ८०० पार्सलं गोदामात ११ नंतर आली होती.

उत्तर आधी मांडलं तर

पहिली स्लाइड म्हणते: भरती नको, लांबच्या मार्गावर संध्याकाळी ५ वाजता दुसरी गाडी सुरू करा. पुढे लांबच्या पार्सलांचा वाढलेला वाटा, ११ वाजताची अडचण, अपेक्षित सुधारणा, जोखीम आणि अंमलबजावणी. मांडणी सुटसुटीत होते, आणि दोन मिनिटांत थांबवलं तरी मुख्य मुद्दा पॅनेलपर्यंत गेलेला असतो. ही या तऱ्हेची खरी ताकद आहे.

पण पॅनेलचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा शिफारशीवर येत नाही. तो येतो तिच्या मागच्या वाटेवर: ‘मुलं ढिली पडलेली नाहीत हे कशावरून?’ इथे ज्याने गाडीच्या वेळापत्रकावरून थेट शिफारशीवर उडी मारली, तो अडकतो. त्याचं उत्तर बरोबर असलं तरी ते अंदाजाने बरोबर आलं की तपासून, हे पॅनेलला कळायला मार्ग उरत नाही. फ्रेशरच्या केसमध्ये गुण मुख्यतः विचार करण्याच्या पद्धतीला असतात. कंपनी काही तुमच्या सल्ल्यावर उद्या गाडी घेणार नसते.

पायऱ्या दाखवल्या तर

याच केसच्या पायऱ्या अशा होतात. आधी घसरण फोडायची. एकूण प्रमाण दोन कारणांनी पडू शकतं: एखाद्या प्रकारातली कामगिरी बिघडली, किंवा मुळातच कमी टक्केवारी असलेल्या प्रकाराचा वाटा वाढला. तक्त्यात जवळच्या पार्सलांचं प्रमाण ९५ टक्क्यांवर स्थिर आहे आणि लांबच्यांचं तर ७० वरून ७२.५ वर चढलंय. म्हणजे दोन्हींत कामगिरी कुठेच बिघडलेली नाही, तरी एकूण आकडा घसरला. कारण लांबच्या पार्सलांचा वाटा २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला.

आता हे मोजून दाखवायचं. जुनी कामगिरी तशीच धरून फक्त नवा वाटा लावा: ९५ चे ६० टक्के म्हणजे ५७, ७० चे ४० टक्के म्हणजे २८, बेरीज ८५. म्हणजे वाटा बदलल्यामुळे ९० चे ८५ झाले. लांबच्या मार्गावरची सुधारणा अडीच पर्सेंटेज पॉइंटची, आणि तिला ४० टक्के वजन, म्हणून ती १ परत मिळवून देते. ८५ चे ८६ होतात. ९०, ८५, ८६ हे तीन आकडे एका स्लाइडवर तीन खांबांत दाखवले की ‘मुलं ढिली पडली’ या गृहीतकाला कुठेही आधार उरत नाही. अख्ख्या प्रेझेंटेशनमधली सगळ्यात वजनदार स्लाइड हीच, तिला सर्वांत जास्त वेळ द्या.

पुढची पायरी: उशीर नेमका कुठे साचतोय? एकूण १,६८० उशिरा पोहोचलेल्यांपैकी जवळची फक्त ३६०, लांबची १,३२०. त्यातली ८०० गाडी चुकलेली. मग शिफारस येते, आणि तिच्यासोबत तिची अट. पुन्हा ९० टक्के गाठायला १२,००० पैकी १०,८०० पार्सलं वेळेवर हवीत, म्हणजे आणखी ४८०. ती ८०० मधून आली पाहिजेत, तेव्हा दुसऱ्या गाडीने त्यातली निदान ६० टक्के वाचवायला हवीत. अर्धीच वाचली तर आकडा ८९.३ वर थांबतो. ‘दुसऱ्या गाडीने खूप फायदा होईल’ आणि ‘८०० पैकी ४८० वाचली तर ही शिफारस उद्दिष्टापर्यंत पोहोचते’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच या दोन तऱ्हांमधलं अंतर.

या तऱ्हेतला धोका वेळेचा आहे. १० मिनिटांतली ७ मिनिटं विश्लेषणात जातात, ‘आता शिफारशीकडे येतो’ म्हणेपर्यंत पॅनेल घड्याळाकडे बघतं. दुसरा धोका असा की उमेदवार केलेली सगळी आकडेमोड दाखवत सुटतो. वापरलेल्या पायऱ्या दाखवायच्या असतात. भटकंतीतली एखादीच दाखवावी, तीही जिथे टाकून दिलेल्या पर्यायामुळे निष्कर्ष पक्का होतो तिथे. इथे तो पर्याय म्हणजे भरती.

मग कुठली घ्यायची?

मुलाखत संवादाच्या स्वरूपाची असेल, म्हणजे केस तोंडी दिली आणि समोर बसूनच सोडवायची असेल, तर निवडीचा प्रश्नच येत नाही. तिथे पायऱ्याच बोलाव्या लागतात. केस आदल्या दिवशी मिळाली असेल, ‘संचालकांना एक पानी शिफारस द्या’ असं लिहिलं असेल आणि मांडायला ५ मिनिटं असतील, तर उत्तर आधी. मधल्या, सगळ्यात नेहमीच्या प्रकारात, म्हणजे १० मिनिटं मांडणी आणि मग प्रश्न, पायऱ्यांची मांडणी घ्यावी. मात्र पहिल्या स्लाइडवर एका ओळीत उत्तर सांगून टाकावं: ‘भरतीने हा प्रश्न सुटणार नाही, दुसऱ्या गाडीने सुटू शकतो, आणि तिची अट शेवटी दाखवतो.’ एवढ्याने वेळेचा धोका बराच जातो.

अशा मांडणीला ५ स्लाइड पुरतात. प्रश्न आणि एका ओळीचं उत्तर १ मिनिट, घसरण फोडण्याचे दोन मार्ग २ मिनिटं, ९०-८५-८६ ची स्लाइड ३ मिनिटं, उशीर कुठे साचतोय २ मिनिटं, शिफारस आणि अट २ मिनिटं. स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्य असावं. ‘डेटा विश्लेषण’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘दोन्ही प्रकारांत कामगिरी टिकली, तरी एकूण आकडा घसरला’ यातून पायरी कळते. पाचही शीर्षकं ओळीने वाचून युक्तिवाद समजला पाहिजे, नाहीतर क्रम चुकलाय.

तयारीतला फरक

उत्तर आधी मांडणाऱ्याचा बहुतेक वेळ स्लाइड घासण्यात जातो. पायऱ्या मांडणाऱ्याला केस सोडवतानाच एक कागद बाजूला ठेवावा लागतो. त्यावर चार रकाने: प्रश्न, काय तपासलं, काय निघालं, म्हणून पुढे काय. हे तिथल्या तिथे लिहायचं. उत्तर सापडल्यावर मागाहून रचलेल्या पायऱ्या ओळखू येतात, कारण त्यांत एकही फाटा नसतो, सगळं सरळ उत्तराकडे धावत असतं. ‘इथे दुसरं काय तपासलंत?’ एवढं विचारलं की असा उमेदवार गप्प होतो.

याच कागदावर गृहीतकं वेगळ्या रंगात लिहा. या केसमध्ये दुसऱ्या गाडीचा खर्च दिलेलाच नाही. तो मनाने ठरवून नफ्याचा आकडा काढण्यापेक्षा ‘खर्च दिलेला नाही, तो कळला की निर्णय बदलू शकतो’ असं स्लाइडवर लिहिलेलं बरं.

आकड्यांच्या दोन चुका इथे हमखास होतात. एक, ९५ आणि ७२.५ ची साधी सरासरी ८३.७५ येते. ती एकूण आकडा म्हणून सांगणारे बरेच असतात, खरा आकडा वाट्याप्रमाणे वजन लावून ८६ येतो. दोन, ९० वरून ८६ ही ४ पर्सेंटेज पॉइंटची घसरण आहे, टक्क्यांत बोलायचं तर ती ४.४ टक्के होते. बारीक वाटतं, पण पॅनेलमध्ये कुणीतरी यावर बोट ठेवतंच.

शेवटची चाचणी घरीच करता येते. मित्राला एक आकडा बदलायला सांगा: ‘लांबच्या पार्सलांचा वाटा ४० ऐवजी ३० टक्के असता तर?’ पायऱ्या माहीत असतील तर कागदावर दोन ओळींत येतं: ९५ चे ७० टक्के ६६.५, ७२.५ चे ३० टक्के २१.७५, एकूण ८८.२५. म्हणजे गाडी न वाढवताही निम्म्याहून थोडी जास्त घसरण भरून निघते. लगेच पुढचा प्रश्न डोक्यात येतो: वाटा पुढच्या सहा महिन्यांत कुठे जाईल? तो तुम्हीच पॅनेलला विचारू शकता. ज्याच्याकडे फक्त ‘दुसरी गाडी’ हे उत्तर आहे, त्याला आकडा बदलला की पुन्हा सुरुवातीपासून बघावं लागतं.