दोन अस्तरवाले कुर्ते, दिवाळी ते श्रावण: वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आसपास दोन कॉटनचे सेट घेतले. एक मॉलमधला रेडिमेड, ओढणीसकट १,७९९ रुपयांना. दुसरा डोंबिवलीतल्या एका बाईंकडून शिवून घेतला. कापड, अस्तर, ओढणी आणि शिलाई धरून तो २,६०० च्या जवळपास गेला. दोन्ही सरळ कटाचे, ४४ इंच उंचीचे, साइड कट असलेले. दोन्ही ऑफिसला आलटून पालटून घातले, लोकलच्या गर्दीत चुरगळले, आठवड्याला साधारण एकदा मशीनमध्ये धुतले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असेच शिवलेले कुर्ते रांगेतल्या चारही दुकानांत मिळतात. महाग दुकानं त्याला अपवाद आहेत असंही नाही.

आधी अस्तर, कारण पहिला घोळ तिथेच झाला. रेडिमेडचं अस्तर गुळगुळीत, चकचकीत पॉलिएस्टरचं. नवीन असताना छान वाटतं, अंगावरून सुळकन उतरतं. पण बाहेरचं कापड सुती, आणि सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत तीन ते पाच टक्के सहज आटतं, विशेषतः उंचीला. पॉलिएस्टर जवळजवळ आटतच नाही. अस्तर कुर्त्याच्या खालच्या कडेपेक्षा एक इंच वर होतं. म्हणजे कुर्ता ४४, अस्तर ४३. चार टक्के आटल्यावर कुर्ता सव्वाबेचाळीसवर आला आणि अस्तर ४३ वरच राहिलं. आता पाऊण इंच अस्तर खालून डोकावतं. स्टेशनवर मागून कुणीतरी काळजीने सांगतंच, "मॅडम, परकर दिसतोय."

त्यातून आणखी एक त्रास असा की बाजूच्या शिवणीत कुर्त्याचं आणि अस्तराचं कापड एकत्र धरून एकाच टिपेत शिवलेलं आहे. बाहेरचं आटलं, आतलं नाही, त्यामुळे अस्तर आत पोटापाशी फुगून बसतं. कितीही इस्त्री केली तरी फरक पडत नाही. असं शिवल्याने कारखान्याचं काम निम्म्यावर येतं: चार शिवणींऐवजी दोन.

शिवून घेतलेल्याला मलमलचं अस्तर आहे. बाईंनी कापड आणि अस्तर दोन्ही कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवलं होतं. अस्तर गळ्याला आणि मुंढ्याला जोडलेलं, पण बाजूच्या शिवणी वेगळ्या आणि खालून मोकळं. पुढे जे काही थोडं आटलं असेल ते दोन्ही बरोबर आटलं, आणि मोकळं असल्याने एकाने दुसऱ्याला ओढलं नाही. दुकानात हे तपासायला काही लागत नाही. कुर्ता उलटा करून बाजूच्या शिवणीत बोट घाला. कुर्त्याची आणि अस्तराची शिवण वेगळी हाताला लागली तर बरं. मग अस्तराचा कपडा लेबलवर वाचा. बाहेर कॉटन आणि आत पॉलिएस्टर असेल तर निदान अस्तर कडेपासून दोन-अडीच इंच वर आहे का, एवढं तरी बघा.

आता शिवण. रेडिमेडमध्ये एका इंचात आठ टाके भरले, शिवलेल्यात बारा. हे मोजायला पट्टी लावून नखाने टाके मोजले की झालं. टाके मोठे का ठेवतात? मशीन मिनिटाला ठरावीक टाकेच मारतं. चाळीस इंचांच्या शिवणीला आठच्या हिशेबाने ३२० टाके लागतात आणि बाराच्या हिशेबाने ४८०. एका शिवणीमागे तिसरा हिस्सा वेळ वाचतो, दोराही वाचतो, आणि तो वाचलेला वेळ हजारो नगांवर पसरतो. तोटा ज्याने घातलाय त्याचा. मोठ्या टाक्यांची शिवण ताणली की दोन्ही कापडांमध्ये फट पडते आणि दोरा मधोमध दिसायला लागतो. पण टाके जितके बारीक तितकं चांगलं असंही नाही. मलमलसारख्या कापडावर फार दाट टाके घातले तर सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि कापड तिथूनच फाटतं.

कुर्ता उलटा केला की दुसरी गोष्ट दिसते ती मार्जिन, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं कापड. रेडिमेडमध्ये ते जेमतेम एक सेंटीमीटर, आणि शिवण व ओव्हरलॉक एकाच फेरीत मारलेलं. पाच दोऱ्यांचं मशीन असतं, ते कड कापतं, गुंडाळतं आणि बाजूला साखळीची टीपही घालतं. काम झटपट होतं, पण ही साखळीची टीप एका टोकाने तुटली आणि दोरा उलट्या बाजूने ओढला गेला की सरसर उसवत जाते. माझ्या कुर्त्यात डाव्या बाजूची चार बोटं शिवण अशीच ऑफिसमध्ये उसवली. ओव्हरलॉकने कापड धरून ठेवलं म्हणून लाज राहिली.

शिवून घेतलेल्यात साधी लॉकची टीप आहे, जी एका जागी तुटली तर पुढे पळत नाही. आत एक इंच मार्जिन सोडलेलं, आणि कडेला वेगळं ओव्हरलॉक, कारण ते नसेल तर धुताना दशा निघतात. पुढचं-मागचं, दोन्ही बाजू मिळून चार ठिकाणी हे मार्जिन असतं, त्यामुळे गरज पडली तर कुर्ता दोन-अडीच इंच ढिला करता येतो. मी मार्चमध्ये दंडाला आणि छातीला करून घेतला. बाईंनी साठ रुपये घेतले. रेडिमेडवाला उसवून बघताच त्या म्हणाल्या, "ह्यात सोडायला काय आहे ताई? धागा काढला तर कापडच संपेल."

टी-शर्ट, लेगिंग असल्या विणलेल्या ताणाच्या कपड्यांना मात्र हा नियम लावू नका. तिथे ओव्हरलॉक हीच योग्य शिवण. कापडाबरोबर ताणली जाते. साधी लॉकची टीप ताणल्यावर तुटते. आणि पातळ, आरपार दिसणाऱ्या कापडाला ओव्हरलॉकपेक्षा फ्रेंच शिवण बरी. तिच्यात कच्ची कड शिवणीतच गुंडाळली जाते, आतून बाहेरून दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसते.

साइड कटच्या टोकाशी रेडिमेड कुर्ता जानेवारीतच फाटला. लोकलमध्ये चढताना पाय वर टाकला की सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. तिथे शिवण संपून कट सुरू होतो, आणि रेडिमेडमध्ये त्या जागी फक्त टीप थांबवलेली होती. पुढे मागे दोन-चार टाके घेऊन ती घट्टही केलेली नव्हती. शिवून घेतलेल्यात कटच्या टोकाला आतून कापडाचा छोटा तुकडा लावून त्यावर आडवी दाट टीप मारली आहे. जीन्सच्या खिशाच्या टोकाला जो बारटॅक असतो, तसंच हे काम. खरेदी करताना कटच्या टोकाला दोन्ही अंगठे लावून हलकेच ओढून बघा. टाके हलले, उघडे दिसले, तर ते फाटणार. असंच मुंढ्याच्या शिवणीलाही दोन्ही बाजूंनी ताण द्या. टाके शाबूत असूनही शिवणीच्या बाजूला कापडाचे धागे सरकून जाळी दिसली, तर दोष शिलाईचा नाही, विणीचा आहे. कापड विरळ आहे, आणि हात वर करून हँडल धरणाऱ्या बाईच्या काखेत ते टिकणार नाही.

विणीवरून वजनाकडे येते. कापडाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम. शिवलेल्या कुर्त्याचं क्षेत्रफळ काढणं अवघड, पण ओढणी सरळ आयत असते आणि स्वयंपाकघरातला काटा घरी असतोच. रेडिमेडची ओढणी २.२५ मीटर लांब, ०.९० रुंद, म्हणजे साधारण २.०२ चौरस मीटर. नवी असताना वजन १९० ग्रॅम, भागाकार ९४. दोन-तीन वेळा धुतल्यावर ती आटून २.१७ बाय ०.८९ झाली आणि वजन भरलं १६२ ग्रॅम, भागाकार ८४. आटल्यावर कापड दाट होतं, म्हणजे आकडा वाढायला हवा होता. कमी झाला, कारण नवीन असताना हाताला जो करकरीतपणा लागत होता तो खळीचा होता. ती पाण्यात गेली आणि खरं कापड उरलं.

शिवून घेतलेल्या सेटची ओढणी २.५ बाय १ मीटर, वजन २५५ ग्रॅम, म्हणजे १०२. भिजून आटल्यावर आकडा १०५ झाला. इथे खळ जवळपास नव्हतीच. एक लक्षात ठेवा, दोन कापडं तोलायची तर एकाच दिवशी, एकाच वेळी. कापूस हवेतला ओलावा पितो. पावसाळ्यात तीच ओढणी काट्यावर जड भरते.

दुकानात काटा नसतो. तिथे कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून रपारप चोळा. बोटांना पांढरी भुकटी लागली किंवा चोळलेला भाग लगेच मऊ लुळा झाला, तर खळ आहे. कापड दिव्यासमोर धरून आरपार किती दिसतं तेही बघा. पण जड म्हणजे चांगलं असा हिशेब करू नका. मलमल साठ-सत्तर जीएसएमची असूनही दाट, सारख्या विणीची असेल तर एप्रिलमधल्या घामात तीच बरी. शर्टाचं पॉपलीन ११०-१२० च्या आसपास असतं. तुलना त्याच जातीच्या कापडाशी करायची, मलमलची मलमलशी आणि पॉपलीनची पॉपलीनशी. रेयॉन तर जड असूनही ओलं झालं की कमजोर होतं, मशीनमध्ये पिळताना शिवणी सोडतं.

प्रिंटबद्दल थोडक्यात. माझ्या रेडिमेड कुर्त्यात पट्ट्या बाजूच्या शिवणीत जुळत नाहीत. ते एक वेळ चालेल. पण धुतल्यावर बाजूची शिवण पोटाकडे वळली, म्हणजे कापड उभ्या धाग्याला तिरकं ठेवून कापलं गेलं. कापड वाचवायला नमुने कसेही बसवले की असं होतं, आणि नंतर इस्त्री, धुणं, काहीही करून ती शिवण सरळ होत नाही. घेतानाच समोरच्या मध्यभागी उभा धागा खालच्या कडेशी काटकोनात आहे का ते बघा.

शिवून घेतलेल्यालाही दोष आहेतच. गळ्याची मगजी एका ठिकाणी वळली आहे, कारण उरेब पट्टी थोडी ताणून लावली. पहिल्या धुण्यात रंग सुटला, शेजारचा पांढरा रुमाल गुलाबी झाला. वाट बघायला लागली ती वेगळीच. दिवाळीच्या तोंडावर बाईंनी तीन तारखा दिल्या.

रेडिमेड मी टाकून दिलेला नाही. त्याच बाईंकडून अस्तर कापून काढलं, कटच्या टोकाला तुकडे लावून घेतले आणि बाजूच्या शिवणींवर आतून एक लॉकची टीप मारून घेतली. १५० रुपये लागले. आता तो स्लिप घालून घरी आणि बाजारात वापरते. उंची मात्र सव्वाबेचाळीसच राहणार, खाली पट्टी सोडायला त्याच्या हेममध्ये अर्धा इंचही कापड नाही.