पी/बी की पीईजी? टॉवेलच्या दोन कंपन्या

शेअर स्वस्त आहे का, हे पाहताना पी/बी आणि पीईजी यांपैकी कोणता आकडा जास्त फसवतो? समजा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या दोन लिस्टेड कंपन्या आहेत.

पहिलीचं पुस्तकी मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम, 100 कोटी, बाजारमूल्य 60 कोटी. बाजारमूल्याला पुस्तकी मूल्याने भागलं की पी/बी 0.6, म्हणजे रुपयाचा माल साठ पैशांत! पण नफा फक्त 5 कोटी. भांडवलावर पाच टक्के सुटत असतील, तर बाजार पूर्ण रुपया कशाला देईल? त्यात ताळेबंदातले जुने माग विकायला काढले, तर भंगाराचाच भाव येईल. उलट जमीन जुन्या खरेदीभावानेच नोंदलेली असेल, तर हाच आकडा शेअर आहे त्यापेक्षा महाग दाखवतो. म्हणून पी/बीशेजारी आरओई, म्हणजे भागधारकांच्या भांडवलावर सुटणारा नफ्याचा टक्का, पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

दुसरीचं बाजारमूल्य 80 कोटी, नफा 4 कोटी; पी/ई, म्हणजे बाजारमूल्य भागिले नफा, 20. गेल्या वर्षी नफा 2 कोटी होता. वाढ 100 टक्के, म्हणून पीईजी, म्हणजे पी/ई भागिले नफावाढीचा टक्का, 0.2. फुकटच वाटतं! पण त्याच्या आदल्या वर्षीही नफा 4 कोटीच होता. मध्ये सूत महागलं, मग उतरलं. ही वाढ नव्हे, भरपाई. टिकणारी वाढ 8 टक्के धरली, तर पीईजी थेट 2.5.

सुताच्या भावावर नफा हलणाऱ्या धंद्यात मला पीईजी जास्त धोक्याचा वाटतो. बँकांसाठी पी/बी बरा, तोही बुडीत कर्जं तपासून.